प्रायोजकाला अहवाल पाठवायचाय: "तुमच्या पैशांतून हे झालं" असं कशाच्या आधारावर लिहायचं?

धूळपाटी

आमच्या गटाचं दोन दिवसांचं संमेलन महिन्याभरापूर्वी पार पडलं. मुक्त सॉफ्टवेअरवर फावल्या वेळात काम करणारी मंडळी, १४० जणांची उपस्थिती, आयोजक सगळे स्वयंसेवक. मुख्य प्रायोजक एक कंपनी. एकूण जमा १०० धरली तर ३५ त्यांचे. बाकी दोन लहान प्रायोजक, नोंदणी शुल्क आणि सुट्या देणग्या.

आभाराचं पत्र तेव्हाच गेलं, त्याबद्दल प्रश्न नाही. पण करारात लिहिलंय की सहा आठवड्यांत "निधीतून काय साध्य झाले" याचा अहवाल द्यायचा. तो माझ्याकडे आलाय आणि मी पहिल्याच वाक्याला अडले आहे. पैसे सगळे एकाच खात्यात गेले. खर्चही त्याच खात्यातून.

एक मसुदा असा आहे: "आपल्या बहुमोल सहकार्यामुळे संमेलन यशस्वी झाले." यातून काहीच कळत नाही.

दुसरा मसुदा आमच्या एका सहकाऱ्याचा: "आपल्या निधीतून ११ जणांचा प्रवासखर्च, सर्व सत्रांचे लाइव्ह कॅप्शन, सांकेतिक भाषेचे दुभाषे आणि सर्व भाषणांचे चित्रीकरण शक्य झाले." हे वाचायला छान आहे. आणि गंमत म्हणजे बेरीजही जवळजवळ जुळते. प्रवासाचे १६, कॅप्शन आणि दुभाषे मिळून १०, चित्रीकरण ८. झाले ३४. तो म्हणतो, आकडा बसतोय तर लिहून टाक. मला ते खरं वाटत नाहीये, पण खोटं का आहे तेही सांगता येत नाहीये.

टवाळ

आकडा बसतोय म्हणजे सहकारी हिशोबात पक्का आहे. त्यालाच खजिनदार करा, आणि मग दुसरा खजिनदार त्याच्यावर लक्ष ठेवायला.

रानवारा

चांगला विषय. आमच्याही गटाला प्रायोजक हवा आहे. कंपनीला पहिलं पत्र कसं लिहावं? कोणाला भेटावं? नमुना असेल तर कृपया द्यावा.

सडेतोड

धूळपाटी, एवढा विचार कशाला? सगळ्या पावत्या स्कॅन करून जोडा आणि पाठवून द्या. पैसा त्यांचा आहे, त्यांना कागद बघू देत. पावतीपुढे शब्दांची गरज नसते.

खतावणी

सडेतोड, पावत्या जपून ठेवायच्याच, मागितल्या तर द्यायच्याही. पण पावती एवढंच सांगते की पैसे कोणाला दिले. ते पैसे नसते तर काय झालं असतं, हे कुठल्याच पावतीवर छापलेलं नसतं, आणि धूळपाटींना विचारलंय ते नेमकं तेच. शिवाय प्रवासाच्या पावत्यांवर लोकांची नावं, पत्ते, ओळखपत्रांचे क्रमांक असतात. ते असेच तिसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत.

धूळपाटी, दोन गोष्टी तपासा. पहिली, करारात पैसे एखाद्या ठरावीक कामासाठी दिलेत का? तसं असेल तर प्रश्नच मिटला. त्या कामाचा हिशोब वेगळा ठेवायचा आणि तोच सांगायचा. तसं नसेल आणि रक्कम एकूण संमेलनासाठी असेल, तर दुसरी गोष्ट. पैसे येण्याआधी तुमच्या समितीनं काय ठरवलं होतं? बहुतेक समित्या अंदाजपत्रक करताना "इतकेच जमले तर एवढंच करू, अजून आले तर हे वाढवू" असा क्रम लावतात. तो क्रम इतिवृत्तात सापडला तर तुमचं उत्तर तिथे आहे. संमेलन झाल्यावर बेरीज जुळवत बसून ते मिळणार नाही.

धूळपाटी

करारात ठरावीक काम नाही, "संमेलनाच्या आयोजनासाठी" एवढंच.

इतिवृत्त शोधलं. क्रम खरंच लिहिलेला आहे. आधी जागा आणि ध्वनियंत्रणा, मग जेवण. हे दोन्ही झाल्याशिवाय संमेलन जाहीरच करायचं नाही. त्यानंतर चित्रीकरण, त्यानंतर कॅप्शन आणि दुभाषे, सगळ्यात शेवटी प्रवासमदत. जागेचे ४० आणि जेवणाचे २२, म्हणजे ६२. नोंदणी, देणग्या आणि लहान प्रायोजक मिळून ६५ येतील असा अंदाज होता, आणि तेवढेच आले.

म्हणजे मुख्य प्रायोजक नसता तर ६२ नंतर हातात ३ उरले असते. चित्रीकरणाला ८ लागतात. मग सहकाऱ्याचा मसुदा बरोबरच नाही का?

खतावणी

बराचसा बरोबर निघाला. फक्त त्यानं तो बेरजेवरून काढला आणि तुम्ही निर्णयावरून काढलात. पुढच्या वर्षी बेरीज अशी बसणार नाही तेव्हा हा फरक जाणवेल.

पण अजून एक तपासा. त्यांनी होकार कधी दिला आणि पैसे प्रत्यक्ष कधी आले?

धूळपाटी

लेखी होकार पाच महिने आधी. निम्मी रक्कम त्यानंतर महिन्याभरानं. उरलेली निम्मी... संमेलन संपल्यावर. त्यांच्या लेखा विभागाची मुदत तशीच असते म्हणे.

टवाळ

म्हणजे तिकिटं काढली नोंदणीवाल्यांच्या पैशांतून आणि आभार कंपनीचे. नोंदणीवाल्यांना कळू देऊ नका.

खतावणी

टवाळ चेष्टेत बोलले, पण मुद्दा खरा आहे. रोख रक्कम कुठली वापरली यावर गेलात तर गुंता वाढतो. तिकिटं काढायच्या दिवशी खात्यात जे होतं त्यातून काढली, पैशावर नाव नसतं. त्या दिवशी ती काढायची हिंमत कशामुळे झाली, ते बघा. लेखी होकार हातात होता म्हणून समितीनं लोकांना "या, खर्च आम्ही देतो" असं कळवलं. ते वाक्य तुम्ही प्रामाणिकपणे लिहू शकता. प्रायोजकाच्या दृष्टीनंही ते मोलाचं आहे, कारण लवकर दिलेल्या होकाराचं काम उशिरा आलेल्या तेवढ्याच रकमेला जमत नाही.

दुभाष्यांचंच घ्या. एक दुभाषा दिवसभर काम करू शकत नाही. जोडीनं काम करतात, साधारण वीस-वीस मिनिटांनी आलटून पालटून, कारण त्यानंतर मेंदू थकतो आणि चुका वाढतात. दोन दिवसांसाठी अशी जोडी शेवटच्या पंधरवड्यात शोधायला गेलात तर बहुधा मिळणारच नाही. तेव्हा पैसे असून उपयोग नसतो.

आणि जागेची अनामत कोणी भरली, तेही बघून ठेवा.

धूळपाटी

अनामत सुट्या देणग्यांतून. होकार यायच्या आधीच भरावी लागली होती.

खतावणी

मग संमेलन जाहीर करायची हिंमत त्या देणगीदारांनी दिली. त्यांना असं दोन ओळींचं पत्र गेलंय का? बहुतेक ठिकाणी जात नाही. मोठ्याला पानभर अहवाल आणि लहानाला ठरावीक ईमेल. खरं तर पहिला धोका त्यांनीच घेतला.

चेकबुकवाली

मी टेबलाच्या पलीकडे बसते, म्हणजे असे अहवाल मला येतात. कंपनी कोणती ते विचारू नका.

आमच्याकडे हंगामात ढीग येतो. मी आधी बघते की ठरलेलं केलंय का. नाव जिथे लावायचं होतं तिथे लावलं का, उल्लेख झाला का. एक छायाचित्र पुरतं. त्यानंतर मी दोन वाक्यं शोधते, जी उचलून माझ्या वरिष्ठांना पाठवता येतील. एकात काय झालं, दुसऱ्यात आम्ही नसतो तर काय झालं नसतं. "सर्व काही आपल्यामुळेच" असं लिहिलेलं मला वापरताच येत नाही. वरिष्ठ पहिलाच प्रश्न विचारतात की बाकीच्या प्रायोजकांनी मग काय केलं.

आणि एक गोष्ट आयोजकांच्या लक्षात येत नाही. आम्ही प्रायोजक एकमेकांना ओळखतो. एका कार्यक्रमाच्या बाबतीत मी आणि दुसऱ्या कंपनीतली माझी मैत्रीण बोलत होतो. दोघींच्या अहवालात तेच विद्यार्थी, तीच संख्या, "आपल्यामुळे येऊ शकले". म्हणजे मुलं दोनदा मोजली होती. लिहिणाऱ्याच्या मनात कपट नसेलही, पण त्यानंतर त्यांचा कुठलाच आकडा आम्ही तसाच घेतला नाही.

खतावणी

यासाठी सोपी चाचणी आहे. सगळ्या प्रायोजकांना जाणारी पत्रं एका रांगेत ठेवा आणि त्यांत जे श्रेय वाटलंय त्याची बेरीज करा. ११ जण आले असतील तर सगळ्या पत्रांत मिळून ११ च आले पाहिजेत. धूळपाटी, तुमच्या लहान प्रायोजकांच्या पत्रांत काय आहे?

धूळपाटी

एकाच्या पत्रात "चित्रीकरणास हातभार" असं आहे. 😐

टवाळ

चित्रीकरणाचे आता दोन बाप झाले.

धूळपाटी

निस्तरता येईल. ते पत्र अजून गेलेलं नाही. त्यांचे पैसे जेवण आणि जागेच्या हिशोबात बसतात, तसं लिहीन. जेवणाबद्दल आभार मानणं कोणाला आवडत नाही, पण ६२ मधले २२ त्याचेच आहेत.

सडेतोड

पावत्यांचं माझं मत कायम आहे, असो. पण परिणाम दाखवायचा तर टक्केवारी द्या. लोकांना प्रश्नावली दिली होती का?

धूळपाटी

हो. १४० पैकी ६० जणांनी भरली. "कॅप्शन वापरले का" याला २७ जणांनी होकार दिला.

सडेतोड

झालं मग! "४५ टक्के उपस्थितांनी कॅप्शनचा लाभ घेतला." एवढं एक वाक्य पुरे.

चेकबुकवाली

नको. ४५ टक्के हे भरून देणाऱ्यांतले आहेत. ज्यांना कॅप्शन उपयोगी पडले त्यांनीच आवर्जून फॉर्म भरला असण्याची शक्यता जास्त. "६० उत्तरांपैकी २७" असं लिहा. मला ते जास्त विश्वासाचं वाटतं, आणि टक्केवारी हवी असेल तर मला काढता येते. 🙂

सडेतोड

हरकत नाही. पण मग न भरलेल्या ८० जणांपैकी एकानंही वापरले नाहीत असं धरायचं का? तेही चूकच.

चेकबुकवाली

बरोबर, म्हणूनच काहीच धरायचं नाही.

ओळीओळीने

मी या संमेलनाला होतो. (धूळपाटी, ओळखलंत तर इथे नाव घेऊ नका.) मला ऐकू येत नाही. मी सांकेतिक भाषा लहानपणी शिकलो नाही, त्यामुळे दुभाष्यांचा मला उपयोग नाही, मी सगळं कॅप्शनवर वाचतो. हे सांगतोय कारण मसुद्यात "कॅप्शन आणि दुभाषे" एका दमात आलेत. ते वेगवेगळ्या लोकांसाठी असतात.

मसुद्यातलं "सर्व सत्रांचे" हे खरं नाही. मुख्य सभागृहात दोन्ही दिवस कॅप्शन होते. शेजारच्या लहान खोलीत, जिथे कार्यशाळा झाल्या, तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी मला जी कार्यशाळा करायची होती ती मी केली नाही.

आणि पहिलं सत्र वाचण्यासारखं नव्हतं. वक्त्यानं स्लाइड आधी पाठवल्या नव्हत्या, त्यामुळे टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीला एकही तांत्रिक शब्द माहीत नव्हता. प्रकल्पांची नावं, आज्ञांची नावं, सगळं काहीतरी भलतंच उमटत होतं. दुपारी कोणीतरी शब्दांची यादी दिली असावी, कारण त्यानंतर एकदम स्वच्छ झालं. दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा प्रश्नोत्तरांच्या वेळी उभा राहून उलट प्रश्न विचारला. एरवी प्रश्न काय होता तेच कळत नाही, कारण श्रोत्यांतून कोण बोलतंय ते दिसत नाही.

हे प्रायोजकाला सांगायला माझी हरकत नाही. पण "एका कर्णबधिर सहभागीच्या चेहऱ्यावरचा आनंद" असलं काही नको. आणि पडद्याकडे बघत असलेला माझा फोटो त्यांच्या बोधचिन्हासकट तर अजिबात नको. तो काढला जात होता, मी पाहिलं.

धूळपाटी

फोटो आमच्या फोल्डरमध्ये आहे. आजच काढून टाकते. लहान खोलीबद्दलही तसंच लिहिते जसं झालं. शब्दांची यादी आमच्याच एका स्वयंसेविकेनं जेवणाच्या सुट्टीत बसून केली होती, ती हे वाचून खूश होईल.

चेकबुकवाली

ओळीओळीने, प्रश्नोत्तरांबद्दलचं तुमचं वाक्य मला दहा छायाचित्रांपेक्षा जास्त उपयोगी आहे, नाव नसलं तरी. धूळपाटी, तेवढंच घ्या, त्यात विशेषणं घालू नका. आणि लहान खोलीत नव्हते हे नक्की लिहा. पुढच्या वर्षी वाढीव रक्कम मागायची असेल तर तेच तुमचं कारण आहे.

रानवारा

पहिल्या पत्राचा नमुना कोणाकडे आहे का?

खतावणी

रानवारा, वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. तोवर डेबियनच्या वार्षिक डेबकॉन्फ संमेलनाचे जुने अंतिम अहवाल वाचा, जालावर उपलब्ध आहेत. पुढच्या प्रायोजकाला दाखवायला गेल्या वेळच्या अहवालाइतकं चांगलं पहिलं पत्र नाही.

उत्तररात्र

थोडं वेगळं. अमेरिकेत करमुक्त संस्थेचा हिशोब बघतो, तिथे आभार कसे मानता यावर कर अवलंबून असू शकतो. प्रायोजकाचं नाव, बोधचिन्ह, पत्ता, ते काय बनवतात याचं तटस्थ वर्णन, एवढं केलं तर तो आभार. "यांची सेवा सर्वोत्तम, नक्की घ्या" असं लिहिलं, किंमत सांगितली किंवा दुसऱ्याशी तुलना केली की ती जाहिरात होते आणि त्या भागावर कर लागू शकतो. रक्कम किती लोक आले यावर ठरणार असेल तरी ती सवलतीत बसत नाही. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, पण अहवालात स्तुती ओतण्यापूर्वी तुमच्या लेखापालाला विचारा.

टवाळ

म्हणजे "बहुमोल सहकार्य" चालेल, "बहुमोल उत्पादन" नाही.

उत्तररात्र

अगदी तसंच.

धूळपाटी

दोन गोष्टी अजून उरल्यात. प्रवासमदत १४ जणांना मंजूर होती, ११ आले. तिघांपैकी दोघांनी वेळेत कळवलं, तिकिटं काढलीच नव्हती. तिसऱ्याचं तिकीट काढलं होतं, परतावा मिळाला नाही. त्यामुळे २० ठेवले होते त्यातले १६ खर्च झाले आणि ४ शिल्लक आहेत. न आलेल्याचं तिकीट सांगायचं का? आणि शिल्लक परत करायची का?

चेकबुकवाली

तिकीट सांगा, एका ओळीत. आम्हाला धक्का बसत नाही. १४ मंजूर आणि ११ हजर यातला फरक आम्हाला दिसतोच, आणि कारण दिलं नाही तर आम्ही स्वतः वाईट कारण कल्पतो.

खतावणी

शिल्लक ४ पूर्ण त्यांची नाही. रक्कम एकूण संमेलनासाठी होती, तर हिस्स्यानं पाहिलं तर ३५ टक्के, म्हणजे १.४. करार गप्प असेल तर लेखी विचारा: "पुढच्या संमेलनाच्या कॅप्शनसाठी ठेवू की परत करू?" उत्तर येईपर्यंत हात लावू नका.

सडेतोड

हे मला पटलं नाही. तुम्हीच वर म्हणालात की त्यांच्याशिवाय प्रवासमदत झालीच नसती, म्हणजे प्रवासमदत त्यांची. मग तिच्यातले उरलेले ४ ही पूर्ण त्यांचेच. श्रेय एका पद्धतीनं आणि शिल्लक दुसऱ्या पद्धतीनं?

खतावणी

...मुद्दा आहे. हिशोबाच्या दृष्टीनं मी हिस्स्यानंच करेन, कारण निधी ठरावीक कामाचा नव्हता. पण पत्रात श्रेय घ्यायला दिलं आणि शिल्लक वाटून टाकली हे वाचणाऱ्याला खटकेल. चारच्या चार सांगून विचारावं हे बरं.

चेकबुकवाली

आमच्याकडे परत आलेली रक्कम कुठल्या खात्यात घ्यायची यावर बैठक होते. बहुतेक जण "ठेवा" म्हणतील. पण विचारलंत हे लक्षात राहतं.

धूळपाटी

सगळ्यांचं ऐकून असं लिहिलंय. सुरुवातीचा भाग देते:

"आपला लेखी होकार पाच महिने आधी मिळाल्यामुळे समितीने तीन गोष्टी हाती घेतल्या, ज्या त्याशिवाय करायच्या नाहीत असे ठरले होते: भाषणांचे चित्रीकरण, मुख्य सभागृहातील कॅप्शन व सांकेतिक भाषेचे दुभाषे, आणि प्रवासमदत. जागा आणि जेवणाचा खर्च नोंदणी, देणगीदार व इतर प्रायोजकांनी उचलला. प्रवासमदत १४ जणांना मंजूर केली, ११ जण आले. न आलेल्या एकाच्या तिकिटाचा परतावा मिळाला नाही. कार्यशाळांच्या खोलीत कॅप्शन देता आले नाहीत. पहिल्या सत्रातील कॅप्शन सदोष होते. वक्त्यांकडून मजकूर आधी न घेतल्याने असे झाले. प्रश्नावलीच्या ६० उत्तरांपैकी २७ जणांनी कॅप्शन वापरल्याचे कळवले. ऐकू न येणाऱ्या एका सहभागीने लिहिले की प्रश्नोत्तरांत उलट प्रश्न विचारण्याची ही त्यांची पहिलीच वेळ."

पुढे शिल्लकेचा प्रश्न आणि चित्रफिती कधी येतील ते. संपादन अजून चालू आहे, निम्म्याच चढल्यात.

ओळीओळीने

चालेल. चित्रफितींना कॅप्शन जोडणार का? पहिल्या सत्राचे तसेच जोडू नका, दुरुस्त करून घ्या. मी मदत करतो.

चेकबुकवाली

चित्रीकरण निम्मंच चढलं असेल तर पहिल्या वाक्यात "चित्रीकरण" ठीक, "प्रकाशित" म्हणू नका. बाकी मी हे जसंच्या तसं वर पाठवलं असतं.

धूळपाटी

नोंद घेतली. आता एक नवीनच ईमेल आलंय. पुढच्या वर्षी कॅप्शनच्या पट्टीवर त्यांचं बोधचिन्ह सतत दिसावं असं ते विचारतायत.

ओळीओळीने

दोन ओळींची जागा असते तिथे. त्यातली एक बोधचिन्हाला?

चेकबुकवाली

सत्र सुरू होण्याआधीच्या रिकाम्या पडद्यावर द्या की. आम्ही विचारून बघतो, नाही म्हटलं तरी चालतं.

सडेतोड

कोपऱ्यात लहानसं ठेवलं तर काय बिघडतं? पैसे देतायत ते.

ओळीओळीने

तुम्ही दोन तास पट्टी वाचून बघा, मग बोलू.

रानवारा

नवीन धागा काढला आहे. खतावणी साहेब, कृपया यावे.